लकवा किंवा फ्रॅक्चरनंतरची फिजिओथेरपी: विम्याचे पैसे कधी मिळतात आणि त्यासाठी डिस्चार्जच्या दिवशीच काय करायचं

लातूर-अंबाजोगाई पट्ट्यात पेशंटच्या घरी जाऊन फिजिओथेरपी देताना एक प्रश्न हमखास कानावर येतो: "दवाखान्याचं कॅशलेस झालं, आता या व्यायामाचे पैसे कंपनी देती का?" आरोग्य विमा असेल तर बहुतेक वेळा देते. मात्र ठरावीक दिवसांपुरतेच देते, आणि डिस्चार्ज घेताना एक-दोन गोष्टी कागदावर लिहून घेतलेल्या असतील तरच देते. या गोष्टी घरच्यांना कळतात तेव्हा बहुतेक वेळा महिना उलटून गेलेला असतो. म्हणून लकव्याचं एक उदाहरण धरून सगळं क्रमाने सांगतो. फ्रॅक्चरचं गणित थोडं वेगळं आहे, ते नंतर येईल.

आधी नियम नीट समजून घ्या

साध्या आरोग्य पॉलिसीत फिजिओथेरपी असं वेगळं खातं सहसा नसतं. दवाखान्यात दाखल असताना झालेली फिजिओ दवाखान्याच्याच बिलात येते आणि त्या बिलाबरोबर मंजूर होते. घरी आल्यावरची फिजिओ 'पोस्ट-हॉस्पिटलायझेशन', म्हणजे डिस्चार्जनंतरचा खर्च, या कलमाखाली येते. आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांकडे एकाच मजकुराने मिळणाऱ्या पॉलिसीत ही मुदत डिस्चार्जपासून ६० दिवसांची आहे. इतर पॉलिसींत ती ९० किंवा १८० दिवसही असते. तुमच्या पॉलिसीतला आकडा आजच बघून ठेवा.

हे कलम मूळ क्लेमच्या आधारावर उभं असतं. ज्या आजारासाठी दाखल केलं तो क्लेम मंजूर झाला, तरच त्याच आजाराचा पुढचा खर्च मिळतो. लकव्यात इथेच अनेकांची गाडी अडते. पेशंटला जुना बीपी किंवा शुगर असते, ती पॉलिसी घेताना सांगितलेली नसते, किंवा जुन्या आजारांची प्रतीक्षा मुदत संपलेली नसते. मूळ क्लेमच नाकारला गेला की फिजिओची बिलं कितीही चोख असली तरी उपयोग होत नाही.

दुसरी अट 'वैद्यकीय खर्च' या शब्दाच्या व्याख्येत आहे. हा खर्च मेडिकल प्रॅक्टिशनरच्या सल्ल्याने झालेला असला पाहिजे आणि त्या भागातल्या चालू दरापेक्षा जास्त नसला पाहिजे. मेडिकल प्रॅक्टिशनर म्हणजे मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असलेला डॉक्टर. आम्ही फिजिओथेरपिस्ट त्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे "रोज व्यायाम लागेल" असं आम्ही आमच्या लेटरहेडवर लिहून दिलं तरी ते पुरत नाही. तो सल्ला न्यूरोफिजिशियन, एमडी फिजिशियन किंवा ऑर्थोपेडिक सर्जन यांच्या सहीनेच हवा.

डिस्चार्ज कार्ड हातात घेण्याआधी

आता उदाहरण. केज तालुक्यातले ६२ वर्षांचे एक शेतकरी, त्यांना दादाराव म्हणू. ३ जूनला उजव्या बाजूला लकवा मारला, लातूरच्या खासगी दवाखान्यात दाखल केलं, ११ जूनला डिस्चार्ज मिळाला. पॉलिसी आरोग्य संजीवनी, दवाखान्याचं बिल कॅशलेस झालं. घरी नेताना उजवा पाय पलंगावर जेमतेम सरकत होता, हातात हालचाल नव्हतीच म्हटलं तरी चालेल.

अशा पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत 'फिजिओथेरपी ॲडव्हाइज्ड' एवढेच दोन शब्द असतात. क्लेम तपासणाऱ्यासाठी ते अपुरे आहेत. किती दिवस, आठवड्यातून किती वेळा, कशासाठी आणि घरीच का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. डॉक्टर राउंडला आले की त्यांना विनंती करा आणि असं लिहून घ्या: उजव्या बाजूचा लकवा, पायाची ताकद ५ पैकी २, हाताची ५ पैकी १, पहिले चार आठवडे आठवड्यातून सहा दिवस, पुढे आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपी, पेशंट उभा राहू शकत नसल्यामुळे घरी. हे डिस्चार्ज कार्डावर असेल तर उत्तम, नाहीतर वेगळ्या चिठ्ठीवर तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक घालून घ्या. डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत. आपण मागत नाही, हीच अडचण असते.

चार आठवड्यांनी फेरतपासणीला जाल तेव्हा पुढच्या फिजिओसाठी पुन्हा एक चिठ्ठी घ्या. जूनच्या एका चिठ्ठीवर ऑगस्टपर्यंतची बिलं लावली की शंका काढायला जागा राहते.

फिजिओथेरपिस्ट निवडताना आणि पावती घेताना

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते. पावतीवर पदवी आणि हा नोंदणी क्रमांक हवा. आपल्याकडे लकव्यावर पाला देणारे, तेल चोळणारे, हाड बसवणारे गावोगाव आहेत आणि घाबरलेली माणसं त्यांच्याकडे जातात. त्यांच्या पैशाची भरपाई तर होत नाहीच, पण त्यापेक्षा मोठा धोका पुढे आहे. काही जण "हे औषध चालू असेपर्यंत इंग्रजी गोळ्या बंद" असं सांगतात. रक्त पातळ ठेवणारी आणि बीपीची गोळी अशी मध्येच बंद केली की दुसरा झटका येण्याचा धोका वाढतो. कुणीही काहीही सांगितलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या बंद करू नका.

पावतीवर पेशंटचं पॉलिसीत आहे तसंच पूर्ण नाव, पावती क्रमांक, प्रत्येक सिटिंगची तारीख आणि दर सिटिंगचा दर लिहून घ्या. '१३ जून ते १० जुलै, एकूण ९६०० रुपये' अशी एकरकमी पावती परत येते. तिच्याबरोबर हजेरीचं कार्ड ठेवा. एका घरात कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला सुनेने चौकोन आखले होते. रोज तारीख, वेळ, काय करून घेतलं ते एका ओळीत, खाली माझी सही आणि घरच्या एकाची सही. क्लेमला तो कागद जसाच्या तसा चालला. शक्यतो पैसे यूपीआयने द्या, म्हणजे तारीख आपोआप जुळते.

मी पहिल्या दिवशी आणि दर महिन्याला बार्थेल इंडेक्स भरतो. जेवणं, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, चालणं अशी दहा कामं आणि १०० पैकी गुण. दादारावांचे सुरुवातीला २५ होते, साठाव्या दिवशी ६५ झाले. हा आकडा दाखवतो की ही सेवा-शुश्रूषा नव्हती, उपचार होता आणि त्याने फरक पडला. पुढे वाद झालाच तर हाच कागद कामाला येतो.

त्या ६० दिवसांत घरी काय चालतं

लकव्यात सुधारणा सगळ्यात वेगाने पहिल्या तीन महिन्यांत होते, नंतरही होते पण हळू. म्हणजे विम्याची मुदत आणि शरीराची चांगली मुदत बरीचशी एकाच वेळी चालू असते. पहिला महिना वाया जाऊ देऊ नका.

पहिल्या पंधरवड्यात कुशीवर वळणं, पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणं आणि बसल्या जागी तोल सांभाळणं एवढंच असतं. "बाबा चालायला कधी लागतील" असं घरचे रोज विचारतात, पण बसता आल्याशिवाय उभं करता येत नाही. दादाराव तिसऱ्या आठवड्यात आधाराने उभे राहिले आणि पाचव्या आठवड्यात चार पायांची काठी धरून ओसरीत चालले. पेरणीचे दिवस होते, सकाळी सगळे रानात. म्हणून सून निघण्याआधी वीस मिनिटं व्यायाम करून घ्यायची आणि मी दुपारी जायचो. दिवसातून एकदा फिजिओ आला म्हणजे झालं, असं नसतं. घरच्यांनी केलेल्या व्यायामाचे पैसे कंपनी देत नाही, पण पेशंट उठतो तो त्या व्यायामाने.

लुळ्या हाताला धरून पेशंटला कधीही ओढून उठवू नका. खांद्याचे स्नायू सैल झालेले असतात, सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन्‌महिने खांदा दुखतो. झोपताना हाताखाली उशी द्या, दर दोन तासांनी कूस बदला. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तोंडाने देणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. पिंढरी अचानक सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर मालिश मुळीच करू नका, कारण शिरेत गाठ झालेली असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दादारावांचा हिशेब

११ जूनपासून ६० दिवस म्हणजे १० ऑगस्ट. १३ जूनपासून १० जुलैपर्यंत आठवड्याला सहा अशा २४ सिटिंग झाल्या, पुढे १० ऑगस्टपर्यंत १४. एकूण ३८, दर ४०० रुपये, म्हणजे १५,२०० रुपये. औषधं ६,४८० आणि दोन फेरतपासण्या १,२०० रुपयांच्या. बेरीज २२,८८०. आरोग्य संजीवनीत ५ टक्के रक्कम आपण सोसायची असते, ती १,१४४ रुपये. उरलेले २१,७३६ रुपये मिळण्याजोगे.

आता न मिळणारा खर्च. पाऊल खाली पडू नये म्हणून घातलेला स्प्लिंट, काठी, हाताचा पट्टा, एअर बेड, डायपर या वस्तू विमा नियामकाने ठरवलेल्या ऐच्छिक वस्तूंच्या यादीत येतात. पॉलिसीत किंवा तिला जोडून घेतलेल्या रायडरमध्ये खास समावेश नसेल तर त्या खिशातून. घरी ठेवलेल्या मदतनीसाचा महिन्याचा पगारही मिळत नाही. १० ऑगस्टनंतर झालेल्या १२ सिटिंगचे ४,८०० रुपयेही दादारावांच्या मुलाने स्वतःच भरले. शेवटच्या दिवशी पुढच्या महिन्याचे पैसे आगाऊ भरून पावती घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सिटिंग कोणत्या दिवशी झाली हे बघितलं जातं, आणि खोटी तारीख टाकली की अख्खा क्लेम संशयात जातो.

हा क्लेम कॅशलेस होत नाही. कॅशलेस मंजुरी डिस्चार्जला संपते, पुढचे पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर मागायचे. आरोग्य संजीवनीत डिस्चार्जनंतरचा उपचार संपल्यापासून १५ दिवसांत कागद द्यावे लागतात. उपचार पुढे चालूच असला तरी साठाव्या दिवसापासून मोजा, म्हणजे इथे २५ ऑगस्ट. जुनाच क्लेम नंबर लिहायचा. सोबत क्लेम फॉर्म, डिस्चार्ज कार्डाची प्रत, कॅशलेस मंजुरीचं पत्र, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मूळ पावत्या, हजेरी कार्ड आणि बँकेचा रद्द केलेला चेक. कुरिअर करण्याआधी प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा.

फ्रॅक्चरमध्ये काय बदलतं

अपघाताला सुरुवातीची ३० दिवसांची प्रतीक्षा लागू नसते, त्यामुळे नव्या पॉलिसीतही क्लेम बसतो. पण मनगटाला फक्त प्लास्टर घालून त्याच दिवशी घरी पाठवलं तर ते ओपीडीत मोडतं. दाखल नाही, म्हणून डिस्चार्ज नाही, आणि डिस्चार्ज नाही म्हणून त्यानंतरचा खर्चही नाही. भूल देऊन हाड बसवलं असेल तर ते पॉलिसीच्या डे-केअर उपचारांत येतं का ते बघा. तसं असेल तर २४ तास दाखल नसतानाही चालतं.

खरी गोम दिवसांच्या मोजणीत आहे. समजा पायाच्या हाडाचं ऑपरेशन झालं, वरून सहा आठवडे प्लास्टर आहे. ६० दिवसांतले ४० च्या आसपास दिवस प्लास्टरमध्येच जातात. गुडघा-घोटा मोकळा करण्याची खरी फिजिओ प्लास्टर निघाल्यावर सुरू होते, तेव्हा हातात जेमतेम अडीच-तीन आठवडे असतात. म्हणून ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच सर्जनना विचारा की कोणते सांधे आत्तापासून हलवायचे आणि पायावर वजन कधी, किती टाकायचं. मनगटाच्या प्लास्टरमध्ये बोटं, कोपर आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवायचे असतात. ते केलं नाही तर मनगट जुळतं आणि खांदा आखडतो. म्हातारपणी खुब्याजवळचं हाड मोडून रॉड टाकला असेल तर सर्जन बहुतेक वेळा दुसऱ्या दिवसापासूनच वॉकर धरून उभं करायला सांगतात. तिथे फिजिओ लगेच सुरू होते आणि ६० दिवस पुरेपूर वापरता येतात.

प्लास्टरमधली बोटं सुजून निळी पडली, बधिर झाली किंवा गोळी घेऊनही वेदना वाढतच गेली तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच दवाखान्यात जाऊन प्लास्टर सैल करून घ्या.

नाकारलं तर

सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे वगळणूक कोड Excl05. त्याच्या शीर्षकात विश्रांती, पुनर्वसन आणि शुश्रूषा असे शब्द आहेत, आणि ते दाखवून फिजिओची बिलं नाकारली जातात. कलमाचा मजकूर मात्र वेगळं सांगतो. मुख्यतः सक्तीच्या विश्रांतीसाठी दाखल होणं, उपचारासाठी नव्हे, हे त्यात वगळलेलं आहे. शिवाय अंघोळ, कपडे, हालचाल अशा कामांत मदत करणारी सेवा वगळली आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली आणि ताकद परत आणण्यासाठी केलेली फिजिओथेरपी यात बसत नाही. उत्तराच्या पत्रात हेच लिहा, कलमाचा मजकूर उतरवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी व बार्थेलचे दोन्ही आकडे जोडा.

दोन ठिकाणी मात्र कंपनीची बाजू पक्की असते. तुमच्या पॉलिसीच्या डिस्चार्जनंतरच्या कलमातच फिजिओथेरपीला मर्यादा घातलेली असेल, किंवा घरची फिजिओ वगळलेली असेल, तर तोच मजकूर लागू होतो. तसंच फक्त व्यायामासाठी एखाद्या पुनर्वसन केंद्रात महिनाभर ठेवलं तर ते केंद्र पॉलिसीच्या 'रुग्णालय' व्याख्येत बसलं पाहिजे. १० लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात स्थानिक नोंदणी नसलेल्या ठिकाणी निदान १० खाटा, चोवीस तास डॉक्टर व नर्स आणि स्वतःचं ऑपरेशन थिएटर लागतं. अशा केंद्रात नेण्याआधी कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

पत्रव्यवहार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याशी करा. उत्तर पटलं नाही किंवा महिनाभरात आलंच नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मराठवाड्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज cioins.co.in वर ऑनलाइन करता येतो. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं. विमा नियामकाच्या bimabharosa.irdai.gov.in या पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

घरात गंभीर आजाराची वेगळी पॉलिसी असेल तर तीही काढून बघा. लकव्यासाठी तिच्या व्याख्येत कायमचा न्यूरोलॉजिकल दोष निदान तीन महिने राहिल्याचा पुरावा मागतात आणि एकरकमी रक्कम देतात, बिलं नाही मागत. तीन महिने पूर्ण झाल्यावर न्यूरोफिजिशियनकडून तपासणी करून तसं लिहून घ्या. तुमच्या फिजिओच्या नोंदी त्याला जोड देतात.

ज्यांचा उपचार महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतून झाला त्यांना घरच्या फिजिओची पावती देऊन पैसे परत मागता येत नाहीत, कारण योजना रुग्णालयाला पॅकेजचे पैसे देते. त्यांनी, आणि विम्याची मुदत संपलेल्या सगळ्यांनीच, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फिजिओथेरपीची ओपीडी विचारावी, मग ती संभाजीनगरची घाटी असो, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ असो किंवा लातूर-नांदेडचं. दादाराव आता आठवड्यातून दोनदा मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून अंबाजोगाईला जातात, आणि त्या प्रवासासाठी मागच्या सीटवर नीट बसता यावं म्हणून आम्ही उजवा पाय फुटरेस्टवर ठेवण्याचा सराव ऑगस्टमध्येच करून घेतला होता.